काटा अर्धंच सांगतो

दर वर्षी मेडिकलच्या मोसमात आमच्याकडे एक खेळ चालतो. उंचीसमोर आदर्श वजन लिहिलेला तक्ता भिंतीवर, खाली वजनकाटा आणि काट्यावर अनवाणी उभा राहिलेला जवान. ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर फिट. बाहेर गेला तर लो मेडिकल कॅटेगरी. मग कोर्स अडतो, बढती अडते, आणि ठरलेल्या मुदतीत तो माणूस वाटेल ते करून वजन उतरवतो. काट्यावर पुन्हा उभा राहतो, आकडा बसतो, सगळे पाठ थोपटतात.

या पाठ थोपटण्यावर माझा आक्षेप आहे. नेमकं काय उतरलं हे पाठ थोपटणाऱ्यांपैकी कुणीही विचारत नाही.

माणसाच्या वजनाचे दोन भाग पडतात. एक चरबी. दुसरं चरबी सोडून बाकी सगळं, म्हणजे स्नायू, हाडं, अवयव, रक्त, पाणी. या दुसऱ्या भागाला मी इथे 'बिनचरबी' म्हणणार आहे. माझं म्हणणं एवढंच आहे: हे दोन्ही भाग किलोमध्ये वेगवेगळे काढा आणि कागदावर काळासोबत दोन स्वतंत्र रेषा ओढा. एकूण वजन नको, टक्केवारीही नको. का, ते एका माणसाच्या आकड्यांवरून सांगतो.

हवालदाराचे आकडे

माणूस सातारा जिल्ह्यातला, हुद्दा हवालदार, वय ३८, उंची १७२ सेंटीमीटर. वजन ८२ किलो भरलं आणि तो कॅटेगरीत गेला. नायब सुभेदारीची बढती डोळ्यांसमोर होती. त्याने रात्रीचं जेवण बंद केलं, सकाळ-संध्याकाळ धावायला लागला. पहिल्या दिवसापासून दर चार आठवड्यांनी मी त्याची चिमटा-मोजणी करून वहीत लिहीत गेलो.

चिमटा-मोजणी म्हणजे कॅलिपरने त्वचेची घडी मोजणं. डर्निन आणि वोमर्स्ली यांची १९७४ची पद्धत चार जागा घेते: दंडाची पुढची बाजू, दंडाची मागची बाजू, खांद्याच्या पात्याखाली आणि कमरेच्या हाडाच्या वर. त्वचा आणि तिच्याखालची चरबी बोटांनी उचलायची, स्नायू धरायचा नाही, कॅलिपर लावून दोनेक सेकंद थांबून आकडा वाचायचा. प्रत्येक जागी तीन वाचनं घ्यायची आणि मधलं धरायचं. चारही जागांची मिलिमीटरमधली बेरीज म्हणजे `S`. तीस ते एकोणचाळीस वयाच्या पुरुषासाठी पुढचं गणित असं:

```
D = 1.1422 - 0.0544 * log10(S)
F = 495 / D - 450
fat_kg = weight * F / 100
rest_kg = weight - fat_kg
```

`D` म्हणजे शरीराची घनता. चरबी पाण्यापेक्षा हलकी, बाकीचं शरीर पाण्यापेक्षा जड. त्यामुळे एकूण घनता कळली की मिश्रणात चरबी किती हे काढता येतं. दुसरी ओळ तेच करते. ते सूत्र सिरी या शास्त्रज्ञाचं, १९६१ सालचं. फोनवरच्या कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये या चार ओळी बसतात.

हवालदाराची पहिल्या दिवशीची बेरीज ७६ मिलिमीटर आली. सूत्राने चरबी २६ टक्के, म्हणजे ८२ किलोपैकी २१.३ किलो चरबी आणि ६०.७ किलो बिनचरबी. पुढच्या नोंदी अशा:

सुरुवात: वजन ८२.०, चरबी २१.३, बिनचरबी ६०.७
४ आठवडे: वजन ७८.४, चरबी १९.६, बिनचरबी ५८.८
८ आठवडे: वजन ७६.०, चरबी १८.१, बिनचरबी ५७.९
१२ आठवडे: वजन ७४.०, चरबी १६.९, बिनचरबी ५७.१

काट्यावर आठ किलो उतरले. तक्ता खूश. टक्केवारीसुद्धा खूश, कारण २६ची २२.९ झाली. आता दुसरी रेषा बघा. आठ किलोंपैकी ३.६ किलो बिनचरबी गेली, म्हणजे ४५ टक्के. वजन उतरवताना गमावलेल्या किलोंपैकी साधारण चतुर्थांश बिनचरबी असते, असा एक ढोबळ नियम वापरला जातो. इथे ती जवळजवळ निम्मी गेली होती.

कुणी म्हणेल, ते पाणी असेल. रास्त शंका आहे. उपासाच्या पहिल्या आठवड्यात यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर संपते आणि तिच्यासोबत बांधलेलं तिच्या तीन-चारपट पाणी निघून जातं. पहिल्या चार आठवड्यांत गेलेल्या १.९ किलोंपैकी बराच भाग हाच असणार. पण पाण्याची घट एकदाच होते आणि थांबते. हवालदाराची रेषा पुढच्या चार आठवड्यांत आणखी ०.९ने आणि त्यापुढच्या चारांत ०.८ने खाली आली. उतार थांबलाच नाही. एकेका महिन्याचा फरक मोजणीच्या चुकीत जाऊ शकतो, पण तिन्ही वेळा उतार एकाच दिशेने होता. याचा अर्थ शरीर स्नायू मोडून खात होतं.

हे त्याला जाणवतही होतं. बाराव्या आठवड्यात तो मला म्हणाला, "साहेब, कॅटेगरी निघाली, पण पाठीवर लोड घेतला की पाय भरून येतात. पूर्वी असं नव्हतं." काट्याला याचं उत्तर माहीत नव्हतं. वहीतल्या दुसऱ्या रेषेला होतं.

पुढे जे झालं ते प्रत्येक युनिटमध्ये होतं. मेडिकल सुटलं, रात्रीचं जेवण सुरू झालं, सणवार आले, रजा आली. आठ महिन्यांनी तो ८१ किलोवर होता. बेरीज ९१ मिलिमीटर. चरबी २२.७ किलो, बिनचरबी ५८.३. काटा म्हणाला, एक किलो तरी कमी आहे. दोन रेषा म्हणाल्या, चरबी सुरुवातीपेक्षा १.४ किलो जास्त आणि बिनचरबी २.४ किलो कमी. इतकी उपासमार सोसून माणूस आधीपेक्षा वाईट शरीर घेऊन परत जागेवर आला.

हे फक्त आमच्या हवालदाराचं नशीब नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा येथे अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. नंतर भरपेट जेवण मिळाल्यावर त्यांची चरबी आधी परत आली आणि मूळ पातळीच्या वर गेली, बिनचरबी मागे राहिली. अर्धपोटी राहून घाईने उतरवलेलं वजन कोणत्या क्रमाने परत येतं, हे ऐंशी वर्षांपूर्वी नोंदलं गेलेलं आहे.

टक्केवारी का नको

हल्ली जिममध्ये शरीरातून हलका विद्युतप्रवाह सोडणाऱ्या यंत्राचा छापील कागद मिळतो. त्यावर 'चरबी अमुक टक्के' मोठ्या अक्षरात असते आणि लोक तो आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतात. मी त्यांना एक गणित घालतो.

दोन जवान, दोघेही ८० किलोचे, दोघांची चरबी २५ टक्के, म्हणजे २० किलो चरबी आणि ६० किलो बिनचरबी. काही महिन्यांनी दोघांची टक्केवारी २२ झाली. पहिल्याचं वजन आता ७६.९ आहे: चरबी १६.९, बिनचरबी ६०. त्याने फक्त चरबी घालवली. दुसऱ्याचं वजन ७० आहे: चरबी १५.४, बिनचरबी ५४.६. याने चरबीपेक्षा जास्त बिनचरबी घालवली. तरी टक्केवारी तीच, २५ वरून २२, आणि दोघांना शाबासकीही तेवढीच.

टक्केवारी हा भागाकार आहे. वरचा आकडा हलला की खालचा, हे भागाकारातून कळत नाही. किलो लिहिले की लगेच कळतं.

बारीक माणूस सुटतो

तक्त्याचे समर्थक म्हणतात, निदान जाड माणूस तरी पकडला जातो ना? इथे दोन उदाहरणं सांगतो.

पहिलं उदाहरण १९४२ सालचं. अमेरिकन नौदलाचे डॉक्टर आल्बर्ट बेन्के आणि त्यांचे सहकारी यांनी २५ व्यावसायिक फुटबॉलपटूंना पाण्याखाली तोलून त्यांच्या शरीराची घनता काढली. त्यांपैकी १७ जण तेव्हाच्या उंची-वजन तक्त्यानुसार 'जास्त वजनाचे' आणि म्हणून सैन्याला अपात्र ठरत होते. घनता मात्र सांगत होती की त्यांच्या अंगावर चरबी कमी आणि स्नायू भरपूर आहेत. ऐन महायुद्धात सैन्याला हवी असलेली माणसं तक्ता परत पाठवत होता.

दुसरं उदाहरण आपल्या पुण्याचं आहे आणि ते उलट बाजूने टोचतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच शेजारी-शेजारी उभा फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. कुठल्याही तक्त्यावर दोघे उत्तम. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. समजा, असे दोन माणूस ६४ किलोचे आहेत. तर एकाच्या अंगावर ५.८ किलो चरबी आणि दुसऱ्याच्या अंगावर १३.६ किलो. काट्यावर फरक शून्य.

आपण भारतीय माणसं बारीक दिसूनही चरबी बाळगतो, हे याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांपासून दाखवून दिलं आहे. तक्त्याने पास केलेल्या आमच्या सडपातळ क्लार्कला आणि स्टोअरकीपरला कुणी कधी विचारतच नाही. चाळिशीत साखर निघते तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटतं, "अरे, हा तर कधी ओव्हरवेट नव्हता."

निवृत्त मंडळींनी हे विशेष मनावर घ्यावं. "पेन्शन आल्यापासून माझं वजन किलोभरही हललेलं नाही," हे वाक्य मी खूप अभिमानाने ऐकतो. पीटी सुटली, रायफल सुटली, पिट्ठू सुटला, तर पंधरा वर्षांत बिनचरबीची रेषा हळूहळू खाली आणि चरबीची तेवढीच वर जाऊ शकते. बेरीज मात्र सपाट राहते. पँटचा पट्टा कुठल्या भोकात जातो ते बघा, तो काट्यापेक्षा जास्त प्रामाणिक आहे.

ही रेषा कुठे फसवते

दोन रेषांची बाजू मांडतो आहे, तर त्यांचे दोषही सांगायला हवेत. नाहीतर आमचा वाद तक्तेवाल्यांइतकाच आंधळा होईल.

झाशी म्हटलं की मराठी माणसाला राणी आठवते. इथे पोस्टिंग झालेल्याला आठवतो तो मे महिना. पहाटे पाच किलोमीटर धावण्याआधी माझं वजन ७८.६ होतं, धावून आल्यावर ७७.१. दीड किलो घाम. हा सगळा दीड किलो बिनचरबीचा, कारण पाणी त्याच खात्यात असतं. बिनचरबीचा सुमारे ७३ टक्के भाग पाणीच असतो. म्हणून बिनचरबी म्हणजे स्नायू असं समजू नका. स्नायू त्यातले निम्म्याच्या आसपास असतात. विद्युतप्रवाहाची यंत्रं तर पाण्यावरच चालतात. अंग कोरडं पडलं की प्रवाहाला अडथळा वाढतो आणि यंत्र त्याला चरबी समजतं. बबीनाच्या रेंजवरून दिवसभर भाजून आलेल्या जवानाला संध्याकाळी अशा यंत्रावर उभं केलं तर त्याची चरबी 'वाढलेली' दिसेल. उपाय साधा: सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहा आणि पीटीच्या आधी मोजा. दर वेळी त्याच वेळेला.

दुसरा दोष सूत्राच्या पोटात आहे. चाळिशी ओलांडली की डर्निन-वोमर्स्लीचं सूत्र बदलतं, त्यात १.१६२० आणि ०.०७०० हे आकडे येतात. आमच्या हवालदाराची तीच ७६ मिलिमीटरची बेरीज चाळिसाव्या वाढदिवशी या सूत्रात घातली तर २६ ऐवजी ३०.४ टक्के येते. म्हणजे केक कापता कापता अंगावर साडेतीन किलो चरबी चढली. रेषेत अशी पायरी दिसली तर वाढदिवस तपासा. एकदा निवडलेलं सूत्र त्या माणसाच्या वहीत कायम ठेवा, किंवा जुन्या सगळ्या नोंदी नव्या सूत्राने पुन्हा काढा.

तिसरा दोष सर्वांत महत्त्वाचा. बिनचरबी आपण मोजत नाही, वजाबाकीने काढतो. त्यामुळे चरबी मोजताना एक किलोची चूक झाली तर बिनचरबीत तेवढीच चूक उलट दिशेने येते. वजन स्थिर असताना एका महिन्यात चरबी एक किलो खाली आणि बिनचरबी एक किलो वर दिसली, तर आनंदाने उडी मारू नका. बहुधा कॅलिपर धरणारा हात बदललेला असतो. माझ्या वहीत किलोच्या आतला एका महिन्याचा फरक मी मोजतच नाही.

मग खरा बदल ओळखायचा कसा? माझ्याच नोंदी घ्या. वय ४४, चाळिशीचं सूत्र. वीस आठवडे आठवड्यातून तीन दिवस वजनं उचलली. वजन ७८.४ वरून ७८.०, म्हणजे काट्याच्या हिशेबाने वीस आठवडे वाया. चरबी १९.७ वरून १७.३, बिनचरबी ५८.७ वरून ६०.७. आरशातल्यासारख्या उलट रेषा, म्हणून मीही संशय घेतला. पण सलग पाच मोजण्यांत दिशा एकच होती, हात एकाच नर्सिंग असिस्टंटचा होता, कंबर पाच सेंटीमीटरने उतरली होती, आणि पुल-अप्स चारवरून नऊवर गेल्या होत्या. चार वेगळे साक्षीदार एकच सांगत असतील तर बदल खरा मानायला हरकत नाही.

आणि एक मर्यादा मान्य करतो. चिमट्याची टक्केवारी एखाद्या माणसासाठी तीन-चार टक्क्यांनी चुकू शकते. म्हणून 'माझी चरबी नेमकी २१.३ किलो' असं छातीठोक सांगू नये आणि एका मोजणीवर कुणाला कॅटेगरीत टाकू नये. पण तोच हात, तीच वेळ, तेच सूत्र असेल तर चुकीचा मोठा भाग दर वेळी सारखाच राहतो आणि रेषेचा उतार बराच भरवशाचा मिळतो. मला उतारच हवा आहे.

तक्तेवाल्यांचा शेवटचा मुद्दा

"सातशे माणसांची चिमटा-मोजणी कोण करणार?" हा प्रश्न मला प्रत्येक मेसमध्ये विचारला जातो. उत्तर असं की सातशेंची करायची गरजच नाही. तक्ता चाळणी म्हणून राहू द्या. जो तक्त्याबाहेर गेला त्याची, आणि आत असूनही ज्याची कंबर सुटली आहे त्याची मोजणी करा. एका माणसाला दहा मिनिटं लागतात. महिन्यातून एकदा, एमआय रूममधला एकच शिकलेला हात. कॅलिपरची किंमत चांगल्या पीटी शूजपेक्षा फार नसते.

आणि मुदत देताना फक्त 'आठ किलो उतरव' असं सांगू नका. सांगा, "चरबीची रेषा खाली आण, बिनचरबीची रेषा किलोभरापेक्षा जास्त हलता कामा नये." हे ऐकलेला हवालदार रात्रीचं जेवण बंद करणार नाही, कारण चौथ्या आणि आठव्या आठवड्याच्या नोंदीच त्याला अडवतील. तो आठवड्याला अर्धा किलोच्या हिशेबाने उतरेल, लंगरात डाळ, अंडी, दूध सोडणार नाही, आणि धावण्यासोबत वजनंही उचलेल. मुदत लांबेल. लांबू द्या. डोंगरावर त्याच्या पाठीवरचा लोड चरबी उचलणार नाही.

वार्षिक मेडिकलच्या कागदावर वजनाचा एक रकाना आहे. त्याच्या शेजारी आणखी दोन हवेत: चरबी किलोत, बिनचरबी किलोत. माझी मागणी एवढीच आहे. तोवर निवृत्त आणि सेवेतल्या माझ्या वाचकांनी आपापल्या वहीत ते दोन रकाने आजच आखावेत, आणि पहिली नोंद उद्या सकाळी चहाच्या आधी करावी.